आवाज येतो, चित्र येत नाही

सकाळचा गजर ठरल्या वेळी वाजतो. मेसेज आला की टिंग होतं, फोन थरथरतो, कुणी रिंग दिली तर नेहमीची रिंगटोनही ऐकू येते. स्क्रीन मात्र काळीभोर. बटण दाबा, बोटाने टकटक करा, चार्जर लावा, उजेड म्हणून दिसत नाही. अशा वेळी घरात दोन मतं पडतात. एकजण म्हणतो, ‘हँग झालाय.’ दुसरा म्हणतो, ‘डिस्प्ले गेला.’

दुकानातही दोनच उपाय ऐकू येतात. एक म्हणजे ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ आणि दुसरा म्हणजे ‘फोल्डर बदलावा लागेल’. फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले असा एकत्र चिकटवलेला संच. काही जण त्याला कॉम्बो म्हणतात. सॉफ्टवेअर मारलं की बहुतेक वेळा फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि फोल्डर बदलला की खिशाला चाट बसते. निदान चुकलं तर फोटोही जातात आणि स्क्रीन काळीच राहते, किंवा नुसत्या रिस्टार्टने सुटणाऱ्या भानगडीसाठी नवा डिस्प्ले बसतो. काउंटरवर हा निर्णय मिनिटभरात होतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच थोडी शहानिशा केलेली बरी. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

आवाज काय सांगतो

मेसेज आल्यावर टिंग होतं त्यामागे बरीच यंत्रणा असते. मेसेज नेटवर्कवरून अ‍ॅपपर्यंत पोचतो. अ‍ॅप अँड्रॉइडला सांगतं की सूचना द्यायची आहे. मग अँड्रॉइडच्या गाभ्यात अखंड चालणारा system_server नावाचा प्रोग्राम बघतो, की फोन सायलेंटवर आहे का, रात्रीची शांतता लावली आहे का, नुसतं थरथरायचं की वाजायचंही. हाच प्रोग्राम अ‍ॅप उघडतो, बंद करतो, स्पर्श योग्य जागी पोचवतो, स्क्रीन केव्हा लागावी आणि केव्हा मिटावी हेही ठरवतो. तेव्हा टिंग झालं याचा अर्थ बॅटरी, प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क आणि अँड्रॉइडचा गाभा हे सगळं जागेवर आहे.

या गाभ्यावर पहारा असतो. त्याचं मुख्य काम साधारण मिनिटभर अडकून पडलं, तर अँड्रॉइड स्वतःच त्याला मारून टाकतं आणि सगळा पसारा नव्याने सुरू करतं. त्यामुळे खराखुरा हँग झालेला फोन तासन्‌तास तसाच बसून राहत नाही, आणि राहिलाच तर तो वेळेवर गजर वाजवत नाही. तो मुका असतो, किंवा एकच सूर अडकल्यासारखा वाजवत राहतो. रात्रीपासून स्क्रीन काळी आहे आणि तरी प्रत्येक मेसेजला टिंग होतंय, तर माझा पहिला संशय डिस्प्लेवर जातो.

एक फरक मात्र कान देऊन ऐकायला हवा. मेसेज नाही, फोन नाही, तरी थोड्या-थोड्या वेळाने एकच थरथर येत असेल, तर ती सूचना नव्हे. बरेच फोन सुरू होताना एकदा थरथरतात. म्हणजे तो फोन पुन्हा पुन्हा सुरू होऊन पडतोय. तो आजार वेगळा आहे, आणि पुढची तपासणी त्याला लागू पडत नाही.

आता चित्राची वाट बघू. अ‍ॅपचं चित्र, वरची घड्याळाची पट्टी, खालचा कीबोर्ड हे सगळं एकावर एक रचून एक सलग चित्र तयार करणारा वेगळा प्रोग्राम असतो. इथपर्यंत सॉफ्टवेअर. त्यानंतर ते चित्र प्रोसेसरमधून निघतं, मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या कनेक्टरमधून एका लवचिक पट्टीत शिरतं आणि डिस्प्लेच्या कडेला असलेल्या चिपपर्यंत जातं. डिस्प्लेला वीजही वेगळ्या वाटेने द्यावी लागते. स्पीकरच्या, थरथरणाऱ्या मोटरच्या आणि टचच्या वाटा या वाटेपासून निराळ्या आहेत. म्हणून फोन पडला की चित्राची वाट तुटते आणि बाकीचं सगळं मजेत चालू राहतं.

सॉफ्टवेअरच्या बाजूचे काही किरकोळ आरोपी आधीच निकालात काढू. फोन कानाला लावल्यावर स्क्रीन मिटवणारा सेन्सर वरच्या कडेला असतो. नवी टेम्पर्ड काच त्याच्यावर वाकडी बसली किंवा तिथे घाम-पावडर साचली, तर फोनवर बोलताना स्क्रीन मिटते आणि कानापासून दूर केली तरी उजळत नाही. ही काळोखी फक्त कॉलच्या वेळची असते. दृष्टिहीनांसाठी असलेल्या टॉकबॅकमध्ये स्क्रीन मुद्दाम काळी ठेवायची सोय आहे. ती चुकून लागली तर बोट फिरवताना फोन बोलतो, त्यामुळे ओळखू येते. होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप कोसळलं तर मधला भाग काळा होतो, पण वर घड्याळ दिसतं आणि पॉवर बटण दाबून धरलं की बंद करण्याचा पर्याय उमटतो. सॉफ्टवेअरच्या दोषात स्क्रीनवर कुठे ना कुठे काहीतरी दिसतं, असं ढोबळमानाने म्हणायला हरकत नाही.

रिस्टार्टची घाई नको

कुणालाही विचारा, पहिला सल्ला येतो तो पॉवर बटण दाबून धरून रिस्टार्ट मारण्याचा. सल्ला चूक नाही. पण त्याची एक किंमत आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

अँड्रॉइड फोनमधली माहिती कुलूपबंद साठवलेली असते. अँड्रॉइड 10 किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनांना ही सक्तीच आहे. फोन सुरू झाल्यावर तुम्ही पहिल्यांदा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड घालता, तेव्हा ते कुलूप उघडतं आणि फोन बंद होईपर्यंत आतली बरीचशी यंत्रणा उघडीच राहते. म्हणून नंतर बोटाच्या ठशावर काम भागतं. रिस्टार्ट केलात की कुलूप पुन्हा पडतं. आता ठसा चालत नाही, पिनच हवा, आणि तोही न दिसणाऱ्या स्क्रीनवर.

याचा एक चमत्कारिक परिणाम दिसतो. रिस्टार्टनंतर गजर वाजतो, कॉलची रिंग वाजते, पण व्हॉट्सअ‍ॅपचं टिंग बंद होतं. माणूस घाबरतो, की आधी निदान आवाज येत होता, आता तोही गेला. बिघाड काही वाढलेला नसतो. पिन घालेपर्यंत बहुतेक अ‍ॅपना आपली माहितीच उघडता येत नाही, म्हणून ती गप्प बसतात. गजर आणि कॉल यांना तेवढी सवलत दिलेली आहे.

तेव्हा फोटो आणि चॅट आधीच गूगलच्या खात्यात चढत असतील, तर खुशाल रिस्टार्ट करा. चढत नसतील, तर काळा पण जागा असलेला फोन ही संधी आहे. तिला मुदतही आहे. फोन चालू असला तरी शेवटच्या पिननंतर फार तर 72 तासांनी अँड्रॉइड ठसा नाकारून पुन्हा पिन मागतं. शिवाय सलग तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रिस्टार्ट करण्याची सोय गूगलने एप्रिल 2025 पासून आणायला सुरुवात केली. आणि बॅटरी संपली तर सगळंच मुसळ केरात. म्हणून पहिलं काम म्हणजे फोन चार्जरला लावणं. लावताना आवाज किंवा थरथर झाली, तर तोही जागेपणाचा पुरावा.

काकूंचा फोन

शेजारच्या काकूंचा फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावरून फरशीवर पडला. काचेला ओरखडाही नाही, रात्रभर ठीक चालला, सकाळी गजर वाजला तेव्हा स्क्रीन काळी. साधा, एलसीडी डिस्प्लेचा फोन, ठशाचा सेन्सर बाजूच्या बटणात. नातवाचे सगळे फोटो त्यात आणि बॅकअप म्हणून काही नाही. ‘अरे, नुसतं दुकानात नेऊन दिला असता, पण फोटो गेले तर मला चालायचं नाही,’ असं म्हणत त्या फोन घेऊन आल्या.

आधी माझ्या फोनवरून रिंग दिली. वाजला. आवाज कमी करण्याचं बटण दाबलं, रिंग तिथल्या तिथे थांबली पण माझ्या बाजूला ती चालूच होती. म्हणजे बटण दाबल्याचं फोनला कळलं, त्याचा अर्थही लागला आणि त्याने हुकूम पाळला. अडकलेल्या फोनला हे जमलं नसतं.

पुन्हा रिंग दिली. ‘काकू, तुम्ही एरवी फोन उचलताना बोट कसं फिरवता, तसंच फिरवा.’ त्यांनी खालून वर बोट ओढलं आणि फोन लागला, माझा आवाज त्यांच्या फोनमधून आला. या एका गोष्टीने बरंच कळतं. टच शाबूत आहे. फोन समजतोय की समोर कॉल उचलण्याचं चित्र आहे आणि बोट बरोबर त्या जागी फिरलं. चित्र तयार होतंय, आपल्याला दिसत नाहीये इतकंच. उलट बाजूने मात्र इतक्या खात्रीने बोलता येत नाही. बोट फिरवून कॉल उचलला गेला नाही, तर टचही गेला असेल किंवा बोट चुकीच्या जागी पडलं असेल. फोल्डरमध्ये टच आणि डिस्प्ले एकत्र असल्याने जबर मार बसला की दोन्ही एकदम जाणं नवलाचं नाही.

मग खोलीतला दिवा मालवून पडदे ओढले. पॉवर बटण एकदा दाबलं आणि माझ्या फोनचा टॉर्च काकूंच्या काचेवर अगदी जवळून, तिरका धरला. सरळ धरला तर प्रतिबिंबाशिवाय काही दिसत नाही. कोन बदलत राहावं लागतं. एका कोनात राखाडी रंगात घड्याळाचे आकडे दिसले, त्यांच्यामागे वॉलपेपरवरचा गणपती. पॉवर बटण पुन्हा दाबल्यावर आकडे गेले, परत दाबल्यावर आले.

एलसीडीमध्ये चित्र काढणारा थर स्वतः उजेड देत नाही. तो फक्त मागून येणारा उजेड कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा ते ठरवतो. उजेड येतो कडेला बसवलेल्या बारीक पांढऱ्या एलईडींच्या ओळीतून. घरातली ट्यूब गेली म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर काही जात नाही; काकूंच्या फोनचं तसंच झालं होतं. टॉर्चच्या उजेडात चित्र दिसलं, म्हणजे प्रोसेसर, कनेक्टर, चित्र नेणाऱ्या तारा आणि डिस्प्लेची चिप हे सगळं ठीक. गेला होता तो मागचा उजेड.

आणि चित्र दिसतंय म्हटल्यावर फोन वापरताही येत होता. काकूंनी ठशाने कुलूप उघडलं. लॅपटॉपला केबल लावली. इथे एक अडचण असते: केबल लावल्यावर फोन आधी नुसता चार्ज होतो, फायली दाखवत नाही. वरून सूचनांची पट्टी खाली ओढून, यूएसबीच्या सूचनेवर जाऊन फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं. एकाने टॉर्च धरला, दुसऱ्याने बोट चालवलं. DCIM नावाच्या फोल्डरमधले कॅमेऱ्याचे फोटो लॅपटॉपवर उतरवले, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आलेले फोटो वेगळ्या जागी असतात तेही घेतले, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅटचा बॅकअप लावून दिला. मान मोडली, पण नातू सुखरूप बाहेर आला.

दुकानात नेल्यावर पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे आलं, ‘सॉफ्टवेअर मारून बघू का?’ त्याला टॉर्च धरून आकडे दाखवले. त्यानंतर मात्र त्याने जे केलं ते चांगल्या कारागिराने करावं तसंच. मागचं झाकण काढलं, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग डिस्प्लेचा. त्याच मॉडेलचा दुसरा फोल्डर कपाटातून काढून न चिकटवता नुसता कनेक्टरला लावला आणि फोन चालू केला. लख्ख उजेड पडला. बोर्ड ठीक, जुन्या फोल्डरमधली एलईडीची ओळ गेलेली. ती ओळ तेवढी बदलणं तात्त्विकदृष्ट्या शक्य असतं, पण स्वस्त डिस्प्लेच्या बाबतीत त्या खटाटोपाची मजुरी परवडत नाही, म्हणून आख्खा फोल्डरच बदलतात.

समजा नव्या फोल्डरवरही उजेड पडला नसता, तर? मग संशय बोर्डवर. फोनची बॅटरी साधारण चार व्होल्टची. एका पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि त्या एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणून सहा-सात एलईडींच्या ओळीला वीस व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. हा दाब वाढवून देणाऱ्या चिपला दुकानात लाइट आयसी म्हणतात. फोनमध्ये पाणी शिरलं असेल तर ही चिप किंवा कनेक्टरमधली तिची पिन गंजते, जळते. हे सूक्ष्मदर्शकाखाली करायचं काम आहे आणि प्रत्येक दुकानात होत नाही. फोल्डर बदलूनही उजेड येत नसताना ‘दुसरा फोल्डर मागवतो’ असं कुणी म्हणालं, तर फोन परत मागून घ्यावा.

अमोलेडची गोष्ट वेगळी

बऱ्याच मधल्या आणि बहुतेक महागड्या फोनांत आता ओलेड, म्हणजेच जाहिरातीतलं अमोलेड पॅनेल असतं. त्यात मागचा उजेड नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. त्यामुळे टॉर्चची युक्ती इथे निरुपयोगी. पॅनेल बंद म्हणजे ठार काळोख, त्यामागे लपलेलं चित्र नसतं. टॉर्चमध्ये काही दिसलं नाही म्हणून लगेच ‘सॉफ्टवेअरच असणार’ असं ठरवू नये. आधी आपल्या फोनचा डिस्प्ले कुठल्या जातीचा आहे ते दुसऱ्या फोनवर शोधून बघावं.

ओलेड मरण्याआधी बऱ्याचदा सूचना देतं. हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ येते, उजेड कमी केला की स्क्रीन लुकलुकते, पडल्यावर कोपऱ्यात शाईसारखा काळा डाग येतो आणि तो दिवसागणिक पसरतो. यातलं काही आधी दिसलं असेल तर निदान जवळपास झालंच.

ठशाचा सेन्सर काचेखाली असेल, तर त्याचाही उपयोग होतो. काचेखालच्या सेन्सरांत प्रकाशावर चालणारा प्रकार सर्रास दिसतो. तो बोटाखालचा स्क्रीनचा तुकडा लख्ख उजळतो आणि त्या उजेडात ठसा वाचतो. पॅनेल मेलं असेल तर बोट अंधारात राहतं आणि फोन उघडत नाही. उलट त्याच सेन्सरने फोन उघडला, तर पॅनेलचा तेवढा तुकडा तरी जिवंत आहे. काही महाग फोनांतला सेन्सर ध्वनिलहरींवर चालतो, त्याला उजेड लागत नाही. बाजूच्या बटणातला किंवा मागचा सेन्सरही स्वतंत्र. त्यांच्यावरून पॅनेलबद्दल काहीच कळत नाही, पण माहिती काढायला ते सोन्यासारखे.

न दिसणारा फोन चालवायला सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे टॉकबॅक, जी दृष्टिहीन माणसं रोज वापरतात. आवाज वाढवण्याचं आणि कमी करण्याचं अशी दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद धरली की बऱ्याच फोनांत ती सुरू होते. काहींत खात्री म्हणून तीच बटणं पुन्हा धरावी लागतात. मग बोटाखाली जे असेल ते फोन बोलून सांगतो आणि दोनदा टकटक केलं की ते उघडतं. सवय नसलेल्याला पहिला अर्धा तास वैताग येतो, पण काम होतं. यासाठी टच जिवंत हवा. टचही गेला असेल, तर ओटीजी जोडणी घेऊन तिला संगणकाचा साधा यूएसबी कीबोर्ड लावता येतो. पिनचे आकडे दाबून एंटर मारलं की कुलूप उघडतं. माउसही चालतो, पण बाण दिसत नसताना माउस घेऊन काय करणार! चार-पाच वेळा पिन चुकला तर फोन थांबायला लावतो आणि पुढे तो वेळ वाढत जातो, म्हणून अंदाजाने आकडे मारत बसू नये.

काही फोन केबलवरून टीव्हीवर किंवा मॉनिटरवर चित्र पाठवतात. सॅमसंगची एस मालिका एस8 पासून हे करते, पिक्सेल 8 आणि त्यापुढचे फोनही करतात. अशा फोनला यूएसबी-सी ते एचडीएमआय जोडणी लावून मॉनिटरवर घड्याळ दिसलं, तर वादच मिटला. स्वस्त फोनांत बहुधा ही सोय नसते आणि कुठलीही केबल आणली तरी ती येत नाही.

ज्यांनी आधीच फोनमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करून आपल्या संगणकाला परवानगी दिली आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे संगणकावरून फोनचा स्क्रीनशॉट घेणं. विंडोजवर Command Prompt मध्ये हे दोन हुकूम:

```
adb devices
adb exec-out screencap -p > screen.png
```

हा स्क्रीनशॉट काचेवरून घेतलेला नसतो. सॉफ्टवेअरने रचलेलं चित्र काचेकडे निघण्याआधीच उचललेलं असतं. तो फोटो उघडल्यावर होम स्क्रीन नीट दिसली आणि काच काळी असली, तर सॉफ्टवेअर निर्दोष. स्क्रीन जागी करूनही फोटो काळाच आला, तर दोष अँड्रॉइडच्या बाजूला. फक्त बँकेचं अ‍ॅप समोर उघडं नाही ना ते बघावं, कारण तशी अ‍ॅप स्क्रीनशॉट मुद्दाम काळा करतात. हीच परवानगी असेल तर scrcpy नावाचा मोफत प्रोग्राम आख्खा फोन संगणकाच्या खिडकीत दाखवतो आणि माउसने चालवूही देतो. मात्र डिबगिंग आधीपासून चालू असायला हवं. स्क्रीन काळी झाल्यावर ते चालू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आता रिस्टार्ट

माहिती बाहेर काढून झाली, किंवा काढण्याजोगी नाही, मग रिस्टार्ट. बऱ्याच फोनांत पॉवर बटण 10 ते 30 सेकंद न सोडता धरायचं. सॅमसंगमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण मिळून सातेक सेकंद. साधं दाबल्यावर येणारा बंद करण्याचा पर्याय स्क्रीनवर दिसत नसल्याने इथे उपयोगाचा नाही. हे दीर्घ दाबणं थेट हार्डवेअरकडे जातं, अँड्रॉइडची परवानगी लागत नाही, म्हणून पुरता अडकलेला फोनही त्याला ऐकतो.

थरथर झाली की डोळे स्क्रीनवर ठेवायचे. कंपनीचा लोगो जो दिसतो, तो अँड्रॉइड सुरू होण्याआधीच्या एका छोट्या प्रोग्रामने दाखवलेला असतो. त्या क्षणी अँड्रॉइड, अ‍ॅप, अपडेट यांपैकी कुणीच जागं नसतं. लोगो दिसला म्हणजे पॅनेल, पट्टी, उजेड सगळं चालतंय. त्यानंतर होम स्क्रीन आली तर खरंच सॉफ्टवेअर अडकलं होतं आणि प्रकरण संपलं. लोगो दिसून मग काळोख झाला, तर बहुतेक दोष अँड्रॉइडमध्ये. अशा वेळी बऱ्याच फोनांत लोगो दिसताच आवाज कमी करण्याचं बटण धरून ठेवलं की सेफ मोड लागतो, त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप झोपलेली असतात. तिथे स्क्रीन नीट चालली तर नुकतंच टाकलेलं एखादं अ‍ॅप, लाँचर किंवा थीम काढून टाकावी. ‘सॉफ्टवेअर मारणं’ हा यानंतरचा उपाय आहे, आणि तो याच एका वाटेवर शोभतो.

थरथर झाली, थोड्या वेळाने सुरू झाल्याची धून वाजली, रिंग दिली तर वाजतो, पण लोगो दिसलाच नाही, तर अँड्रॉइडला दोष देण्यात अर्थ नाही. अँड्रॉइड जन्मण्याआधीही स्क्रीन काळीच होती. यात फसवणारा एक प्रकार आहे: सैल झालेला कनेक्टर. लोगो कधी दिसतो, कधी नाही. फोन गरम झाला की चित्र जातं, थंड झाला की येतं. पाठीवर हलकं दाबल्यावर क्षणभर लुकलुकतं. एकदा लोगो दिसला म्हणून निष्कर्ष काढण्यापेक्षा दोन-तीनदा बघावं. पाठ दाबून बघताना जोर मात्र लावू नये, खाली बॅटरी आहे.

दुकानात गेल्यावर ‘फोन बिघडलाय’ एवढंच सांगितलं तर पुढचा मार्ग दुकानदार ठरवतो. त्यापेक्षा सांगावं, की रिंग वाजते, टच चालतो, लोगो दिसत नाही, टॉर्चमध्ये चित्र दिसतं किंवा दिसत नाही. मग दुसरा डिस्प्ले समोर लावून दाखवायला सांगावं. मॉडेलचा फोल्डर दुकानात नसेल तर तो मागवतील, पण फोन त्यांच्याकडे सोडण्याआधी सिम काढून घ्यावं. बँकेचे ओटीपी त्यावर येतात.

भावात फरक पडतो तो फोल्डरच्या जातीने. ओलेडच्या फोनला काही दुकानांत स्वस्तात एलसीडीचा फोल्डर बसवून देतात. तो चालतो, पण जाड असल्याने कडेला उचललेला राहतो, बॅटरी जास्त खातो आणि काचेखालचा ठशाचा सेन्सर त्यावर काम करत नाही. घ्यायचा तर माहीत असून घ्यावा. पैसे देण्याआधी उन्हात आणि अंधारात उजेड कमी-जास्त करून बघायचा, चारही कोपऱ्यांत टाइप करून बघायचं, ठसा लावायचा, आणि दुकानातूनच एक फोन लावून तो कानाशी नेल्यावर स्क्रीन मिटते आणि दूर नेल्यावर परत लागते का ते पाहायचं. हा शेवटचा सेन्सर फोल्डर चिकटवताना सर्वांत जास्त वेळा झाकला जातो, आणि मग घरी आल्यावर प्रत्येक कॉलला स्क्रीन पुन्हा काळी.